नगराचे देव, नगराचे शकुन आणि प्लेबियनांचा लढा

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिलेले अध्यक्षीय भाषण प्रत्यक्षात कधीच झाले नाही. अधिवेशन रद्द झाले आणि भाषण पुस्तकरूपाने समाजापुढे आले. ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या नावाने आपण ते ओळखतो. धर्माची सत्ता किती खोलवर काम करते हे सांगताना बाबासाहेब त्यात प्राचीन रोमचे उदाहरण घेतात. रोममधील प्लेबियन, म्हणजे सामान्य कुळांतील नागरिक, यांनी कॉन्सल या सर्वोच्च पदावर आपला माणूस बसविण्याचा हक्क मिळविला. तरीही आपल्या वर्गासाठी खंबीरपणे उभा राहणारा कॉन्सल त्यांना लाभत नसे. देवतेचा कौल अनुकूल असल्याशिवाय कोणालाही पद स्वीकारता येत नसे आणि कौल सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन, म्हणजे उच्च कुळांतील असत. प्लेबियनही हा नियम मानत असल्याने हाती आलेला हक्क ते सोडून देत, असे बाबासाहेबांचे विवेचन आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक प्रश्न पडतो. मतदान झाले, बहुमत मिळाले, कायदाही अनुकूल आहे. मग देवतेच्या नावाने उच्चारलेल्या एका वाक्याने निवडणूक रद्द कशी होते? याचे उत्तर शोधण्यासाठी ग्रीक आणि रोमन नगरांतील धर्म कसा चालत असे, हे पाहावे लागते. आज धर्म म्हटले की आपण प्रथम श्रद्धेचा विचार करतो. त्या नगरांत धर्म हा प्रथम सार्वजनिक कर्तव्याचा विषय होता.

श्रद्धेची अट नसलेला धर्म

अथेन्सचे उदाहरण घेऊ. तेथे सर्वांनी मानावा असा एक धर्मग्रंथ नव्हता, दीक्षाविधी नव्हता, ‘माझा अमुक गोष्टींवर विश्वास आहे’ अशी प्रतिज्ञाही नव्हती. नगराचे देव होते, त्यांचे ठरलेले दिवस होते आणि त्या दिवशी काय करायचे याचे नगरसभेने केलेले ठराव होते. दरवर्षी उन्हाळ्यात अथीना देवीचा पॅनअथीनिया हा उत्सव होई आणि दर चौथ्या वर्षी तो अधिक मोठ्या प्रमाणावर साजरा होई. नगरातून मिरवणूक अक्रोपोलिसच्या टेकडीवर जाई. देवीला विणलेले वस्त्र अर्पण केले जाई, जनावरांचे बळी दिले जात आणि त्यांचे मांस नागरिकांत वाटले जाई. मिरवणुकीत कोणी कोठे चालावे हे ठरलेले असे. अथेन्समध्ये राहणाऱ्या परक्यांनाही त्यात जागा होती, मात्र ती परक्यांची म्हणून वेगळी होती. नगरात कोणाचे स्थान काय, हे मिरवणूक पाहणाऱ्याला तेथेच कळत असे.

पौरोहित्याकडेही नगर एक पद म्हणून पाहत असे. काही जुनी पौरोहित्ये ठरावीक कुळांकडे वंशपरंपरेने होती. अक्रोपोलिसवरील मुख्य अथीनेची पुजारीण एकाच कुळातून येई. परंतु इ.स.पू. पाचव्या शतकात लोकशाही स्थिर झाल्यावर विजयदेवता अथीनेच्या पुजारिणीसाठी नगराने वेगळा नियम केला. ती सर्व अथेनियन स्त्रियांमधून निवडावी आणि तिला वर्षाला ५० द्राख्मा, तसेच सार्वजनिक बळींचे पाय व कातडी द्यावी, असा ठराव दगडावर कोरलेला सापडला आहे. धर्मकार्य नगराचे असल्यामुळे ते कोणी करावे हे नगर ठरवू शकत होते, आणि जन्माचा निकष बाजूला ठेवूनही ठरवू शकत होते.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसच्या खटल्यात दिसली. नगर ज्या देवांना मानते त्यांना तो मानत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवितो, असे आरोप त्याच्यावर होते. आरोपपत्रातील ‘मानणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदात मनाने विश्वास ठेवणे आणि रीतीप्रमाणे मान देणे असे दोन्ही अर्थ येतात. आपल्या मराठीतील ‘मानणे’ या शब्दाचेही असेच आहे. खटला चालला तो नागरिकांच्या मोठ्या ज्यूरीपुढे. देवांचा मान राखणे ही नगराची जबाबदारी असेल, तर तो न राखणारा नगराचा अपराधी ठरतो आणि त्याचा न्याय नगरच करते.

रोम : आकाशाची परवानगी

रोममध्ये हीच कल्पना राज्यकारभाराच्या प्रत्येक पायरीत विणली गेली होती. नागरिकसभा भरविणे, अधिकारी निवडणे, सैन्य घेऊन युद्धावर निघणे अशा कोणत्याही मोठ्या सार्वजनिक कृत्यापूर्वी अधिकाऱ्याने देवांची परवानगी घ्यावी लागे. ही परवानगी शकुनांतून मिळे.

पद्धत साधारण अशी होती. मध्यरात्र उलटल्यावर, पहाटेपूर्वी, अधिकारी ठरलेल्या जागी उभारलेल्या तंबूत बसे. आकाशाचा एक भाग शब्दांनी आखून घेतला जाई. सर्वत्र पूर्ण शांतता लागे. काही पडल्याचा आवाज झाला तरी विधी बिघडे. आखलेल्या भागात कोणते पक्षी दिसतात, कोठून येतात, वीज चमकते का, हे पाहिले जाई. युद्धावर असताना पिंजऱ्यातील पवित्र कोंबड्यांपुढे दाणे टाकत. त्या अधाशीपणे खाऊ लागल्या, दाणे चोचीतून जमिनीवर सांडले, तर शकुन उत्तम समजला जाई. मिळालेली परवानगी त्या एका दिवसापुरती असे. उद्या यश मिळेल का, असा प्रश्न येथे विचारलेला नसे. आज हे काम करावे की नाही, एवढेच विचारलेले असे.

शकुन पाहण्याचा अधिकार कॉन्सलसारख्या अधिकाऱ्याचा होता. परंतु विधीत दोष राहिला का, हे सांगण्याचा अधिकार ऑगर नावाच्या शकुनपंडितांच्या मंडळाकडे होता. ‘दुसऱ्या दिवशी’ एवढेच शब्द ऑगरने उच्चारले की भरलेली सभा उठत असे. निवडणुकीनंतरही मंडळाने दोष दाखविला तर निवडलेल्या अधिकाऱ्याने पद सोडावे, अशी अपेक्षा असे.

अंतःकरणात काय आहे, हे रोम सहसा विचारत नसे. इ.स.पू. पहिल्या शतकातील सिसेरो स्वतः ऑगर होता. पक्ष्यांवरून भविष्य कळते या कल्पनेवर त्याने एका ग्रंथात कठोर टीका केली आहे. तरीही राज्याच्या हितासाठी शकुनांचा विधी टिकविला पाहिजे, असे तो म्हणतो आणि हे पद तो अखेरपर्यंत भूषवितो. ज्याचा शकुनांवर विश्वास नाही असा माणूस शकुनांचा अधिकृत पंडित असू शकत होता, आणि यात त्या काळाला फारशी विसंगती वाटत नव्हती. विधी यथासांग पार पडला की कर्तव्य झाले, असे समजले जाई.

म्हणूनच विधीचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न रोममध्ये थेट सत्तेचा प्रश्न होता.

“तुमच्याकडे शकुन नाहीत”

प्लेबियन आणि पॅट्रिशियन यांच्यातील संघर्ष सुमारे दोनशे वर्षे चालला. त्याची माहिती आपल्याला मुख्यतः लिव्ही या इतिहासकाराकडून मिळते. तो या घटनांनंतर कित्येक शतकांनी लिहीत होता आणि त्याने दिलेली भाषणे त्याची स्वतःची रचना आहेत, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी लागतात. तरीही कोणत्या मुद्द्यावर लढा झाला, हे त्यातून स्पष्ट होते.

इ.स.पू. ४५० च्या सुमारास तयार झालेल्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यातील विवाहाला बंदी होती. इ.स.पू. ४४५ मध्ये कॅन्युलियस या प्लेबियनांच्या ट्रिब्यूनने, म्हणजे लोकप्रतिनिधीने, ही बंदी उठविण्याचा प्रस्ताव आणला. पॅट्रिशियनांचा विरोध धर्माच्या भाषेत होता. अशा विवाहांमुळे सार्वजनिक आणि घरगुती शकुनांत गोंधळ माजेल. जन्मणाऱ्या मुलाला आपले रक्त कोणते आणि आपले विधी कोणते हे कळणार नाही, असे ते म्हणत. शकुन पाहण्याची पात्रता रक्तातून येते आणि ती पॅट्रिशियन रक्तातच आहे, असा या म्हणण्याचा गाभा होता. रक्तशुद्धी, विवाहबंदी आणि विधीचा अधिकार या तीन गोष्टी एकमेकींना कशा धरून असतात, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

कॅन्युलियसचा प्रस्ताव संमत झाला, विवाहबंदी उठली. पुढे इ.स.पू. ३६७ मध्ये कॉन्सलपद प्लेबियनांना खुले झाले आणि पुढच्याच वर्षी ल्युसियस सेक्स्टियस हा त्यांच्यातील पहिला कॉन्सल म्हणून पदावर आला. परंतु इ.स.पू. ३६२ मध्ये जेनुसियस हा प्लेबियन कॉन्सल स्वतःच्या शकुनांवर सैन्य घेऊन निघाला आणि लढाईत मारला गेला, तेव्हा पॅट्रिशियनांना दुःखापेक्षा समाधान अधिक झाले. शकुन अपात्रांच्या हाती दिले की असेच होणार, असे ते म्हणू लागले. कायद्याने दार उघडले होते. दारावरचा पहारेकरी जुनाच होता.

एका रात्रीचा दोष

हा पहारा कसा काम करी, याचे सर्वांत बोलके उदाहरण इ.स.पू. ३२७ मधील आहे. त्या वर्षी दोन्ही कॉन्सल युद्धावर होते. निवडणुका घेण्यासाठी रोममध्ये कोणीतरी हवे होते. अशा वेळी मर्यादित काळासाठी डिक्टेटर नेमण्याची रीत होती. नेमणूक कॉन्सलने करायची आणि ती रात्री, शांततेत, शकुन पाहून करायची. युद्धछावणीत असलेल्या कॉन्सलने मार्कस क्लॉडियस मार्सेलस याचे नाव जाहीर केले. मार्सेलस प्लेबियन होता.

त्याच्या हातून निवडणूक होण्यापूर्वीच नेमणुकीच्या विधीत काही चुकले आहे का, अशी शंका काढण्यात आली. ऑगरांच्या मंडळाला विचारले गेले. मंडळाने उत्तर दिले की नेमणूक दोषयुक्त आहे.

त्यावर प्लेबियनांच्या ट्रिब्यूनांनी केलेला युक्तिवाद लिव्हीने नोंदविला आहे. कॉन्सल रात्री एकटा उठून मौनात हा विधी करतो. त्याने दोषाविषयी कोणालाही, खासगी किंवा सरकारी, पत्र लिहिलेले नाही. विधी मोडेल असे काही पाहिले किंवा ऐकले, असे सांगणारा एकही माणूस पुढे आलेला नाही. मग दूरच्या छावणीत रात्री काय चुकले, हे रोममध्ये बसलेल्या ऑगरांना कसे कळले? डिक्टेटर प्लेबियन आहे हाच त्यांना दिसलेला दोष आहे, हे कोणाला समजत नाही?

युक्तिवाद बिनतोड होता, पण व्यर्थ गेला. मार्सेलसला निवडणूक घेता आली नाही. कारभार हंगामी अधिकाऱ्यांकडे गेला. असे अधिकारी एकामागून एक बदलत राहिले आणि अखेर चौदाव्याने निवडणुका घेतल्या.

या प्रसंगात ट्रिब्यूनांनी काय म्हटले नाही, हेही पाहिले पाहिजे. शकुन खोटे आहेत, देव पक्ष्यांतून बोलत नाहीत, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी पुरावा मागितला. साक्षीदार कोण, असे विचारले. धर्म हा राज्याचा कारभार असल्यामुळे त्याच्यावर कारभाराचेच प्रश्न विचारता येतात, हे त्यांनी ओळखले होते. पण निर्णय देणाऱ्या मंडळात त्यांचा एकही माणूस नव्हता, म्हणून प्रश्न विचारूनही ते हरले.

बाबासाहेबांनी वर्णिलेली अडचण ती हीच. त्यांनी कौलाच्या संदर्भात डेल्फीचा उल्लेख केला आहे. डेल्फीचे देवस्थान ग्रीसमध्ये होते आणि रोमन लोक क्वचित प्रसंगी तेथे कौल मागत. नेमणुका आणि निवडणुका अडविण्याचे रोजचे काम रोममधील ऑगरांचे मंडळ करी. तपशिलातील हा फरक विद्यार्थ्यांना माहीत असावा. बाबासाहेबांच्या सिद्धान्ताला त्याने बाध येत नाही; ऑगरांच्या इतिहासाने तो अधिकच दृढ होतो.

पांढऱ्या फळ्यावरचे पंचांग

पुढे प्लेबियनांनी आपला मोर्चा पौरोहित्याच्या मक्तेदारीकडेच वळविला.

इ.स.पू. ३०४ मध्ये नीयस फ्लेवियस या माणसाने एक विलक्षण गोष्ट केली. त्याचे वडील गुलामगिरीतून मुक्त झालेले होते आणि तो स्वतः लेखनिक होता. त्या वर्षी तो ईडाइल या पदावर निवडून आला. न्यायालयाचे काम कोणत्या दिवशी चालू शकते आणि कोणत्या दिवशी नाही, हे रोममध्ये धार्मिक पंचांगावर अवलंबून असे. ते पंचांग आणि दावा मांडण्याची नेमकी शब्दरूपे पॉन्टिफ नावाच्या धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाकडे राखून ठेवलेली होती. न्याय मागणाऱ्याला आधी त्यांच्याकडे जावे लागे. फ्लेवियसने ती शब्दरूपे प्रसिद्ध केली आणि पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहून भर चौकात, फोरममध्ये, लावले. आता वाचता येणारा कोणीही आपला दिवस स्वतः पाहू शकत होता.

उच्चकुलीनांचा संताप लिव्हीने वर्णिला आहे. फ्लेवियस एकदा आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला असता तेथे बसलेले कुलीन तरुण ठरवून उठून उभे राहिले नाहीत. त्याने आपल्या पदाचे आसन मागवून घेतले आणि त्यावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिला. एका देवालयाच्या अर्पणविधीचे शब्द सांगायला मुख्य पॉन्टिफने नकार दिला, तेव्हा लोकांच्या दबावापुढे त्याला ते सांगावे लागले.

चार वर्षांनी, इ.स.पू. ३०० मध्ये, ओगुल्नियस नावाच्या दोन ट्रिब्यूनांनी कायदा मांडला. त्या वेळी चार पॉन्टिफ आणि चार ऑगर होते, सगळे पॅट्रिशियन. त्यांत चार प्लेबियन पॉन्टिफ आणि पाच प्लेबियन ऑगर यांची भर घालावी, असा प्रस्ताव होता. विरोध झाला, पण कायदा संमत झाला. आता ऑगरांच्या मंडळात पाच प्लेबियन आणि चार पॅट्रिशियन होते. अर्ध्या शतकाच्या आत टायबेरियस कोरुन्कॅनियस हा प्लेबियन मुख्य पॉन्टिफ झाला, आणि कायद्याचा सल्ला सर्वांसमक्ष देणारा पहिला धर्माधिकारी म्हणून रोमन कायदेपंडितांनी त्याची नोंद ठेवली.

विजयाच्या मर्यादा

येथे थांबलो तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखा होईल. इ.स.पू. २१५ मध्ये आणखी एक मार्कस क्लॉडियस मार्सेलस, हॅनिबलशी झुंजणारा ख्यातनाम सेनानी, कॉन्सल म्हणून निवडून आला. त्याचा सहकारीही प्लेबियन होता. दोन्ही कॉन्सल प्लेबियन असण्याची ती पहिलीच वेळ होती. तो पद स्वीकारत असताना मेघगर्जना झाली. ऑगरांनी दोष सांगितला. दोन प्लेबियन कॉन्सल देवांना रुचले नाहीत, अशी कुजबुज पॅट्रिशियनांनी पसरविली. मार्सेलसने पद सोडले आणि त्याच्या जागी पॅट्रिशियन फेबियस मॅक्सिमस आला. तोपर्यंत ऑगरांच्या मंडळात प्लेबियन येऊन ८५ वर्षे झाली होती.

याचे एक कारण असे की रिकामी जागा भरताना मंडळातील सभासदच नवा सभासद निवडत. आत गेलेले प्लेबियन संपन्न घराण्यांतील होते. थोड्या पिढ्यांत ते आणि पॅट्रिशियन मिळून एकच नवा सरदारवर्ग तयार झाला. गरीब प्लेबियन होता तेथेच राहिला. गुलामांना तर या व्यवस्थेत नागरिक म्हणून स्थानच नव्हते. मंडळात आपल्यापैकी कोणी बसणे आणि मंडळाची रीत बदलणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सामाजिक असणे पुरेसे आहे का?

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांत भेद केला आहे. धर्म ही व्यक्तिगत बाब मानली जाते, धम्म मात्र मूलतः सामाजिक आहे, असे ते सांगतात. ग्रीक आणि रोमन नगरधर्माचा अभ्यास करताना या विधानाचा दुसरा भाग ध्यानात ठेवावा लागतो. नगरधर्म पूर्णपणे सामाजिक होता. तो चौकात चालत होता, राज्याच्या खर्चाने चालत होता, सर्वांना बांधून ठेवत होता. परंतु माणसाने माणसाशी कसे वागावे, हा त्याचा विषय नव्हता. माणसे आणि देव यांच्यातील व्यवहार बिनचूक व्हावा, एवढीच त्याची चिंता होती. बळी निर्दोष आहे का, शब्द बरोबर उच्चारले का, रात्री शांतता होती का, हे तो विचारी. ज्याच्या नेमणुकीत ‘दोष’ निघाला त्याच्यावर अन्याय झाला का, हे विचारण्याची त्याच्यात सोयच नव्हती. तो प्रश्न ट्रिब्यूनांना धर्माच्या बाहेरून आणावा लागला.

बाबासाहेबांच्या मते धम्म म्हणजे सदाचरण, जीवनाच्या सर्व क्षेत्रांत माणसामाणसांतील योग्य संबंध. दोन माणसे एकत्र राहिली की धम्माची गरज निर्माण होते, असे ते म्हणतात. रोमच्या नगरधर्मात ही जागा रिकामी होती, आणि ज्यांच्या हाती विधी होता त्यांनी ती आपल्या जन्माच्या अभिमानाने भरून काढली. इ.स.पू. ३२७ मध्ये एका मौन रात्रीत दिसलेला ‘दोष’ आकाशातला नव्हता. तो पाहणाऱ्यांच्या मनातला होता. फ्लेवियसने चौकात लावलेला पांढरा फळा त्या मनाला दिलेले पहिले उत्तर होते, आणि ते उत्तर एका मुक्त गुलामाच्या मुलाने, लिहिता-वाचता येत असल्यामुळे, दिले होते.